स्क्रीनशॉटवरच्या सातबाऱ्यातून मालकांची यादी : स.नं. १२/३ चे प्रकरण

अलिबाग तालुक्यातल्या एका जमिनीचा व्यवहार ठरत आला होता. खरेदीदाराच्या वकिलांना वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायची होती: अमुक गावची अमुक जमीन आमचे अशील विकत घेत आहेत, कोणाचा हक्क, बोजा, दावा असेल तर चौदा दिवसांत कळवावे, या धाटणीची. नोटिशीसाठी तीनच गोष्टी हव्या होत्या. मालकांची नावे, सर्वे नंबर आणि क्षेत्र चौरस मीटरमध्ये. कागद म्हणून हातात काय आले, तर व्हॉट्सॲपवर पाठवलेले तीन स्क्रीनशॉट. जमीन दाखवणाऱ्या मध्यस्थाने मोबाइलवर सातबारा उघडला, स्क्रीन सरकवत तीन फोटो काढले आणि पाठवून दिले. आमच्याकडे काम आले ते यादी तपासण्याचे, कारण कार्यालयातल्या नव्या मुलाने पहिली यादी आधीच तयार केली होती. (गाव, खाते क्रमांक आणि आकडे इथे बदलले आहेत. कागदाची रचना आणि अडचणी जशा होत्या तशाच आहेत.)

पहिल्या यादीत सात मालक होते, सर्वे नंबरच्या रकान्यात '१२ मार्च' लिहिले होते आणि एकूण क्षेत्र ६,९९५ चौ.मी. होते. प्रत्यक्षात मालक सहा, सर्वे नंबर १२ हिस्सा ३ आणि क्षेत्र ६,९५० चौ.मी. मालकांचा आकडा एकानेच चुकला म्हणून 'थोडीच चूक' म्हणावे, तर तसेही नव्हते. सातातली दोन नावे यादीत असायला नको होती आणि एक असायलाच हवे असलेले नाव गाळलेले होते.

आधी सर्वे नंबर. सातबाऱ्याच्या डोक्यावर गाव, तालुका, जिल्हा छापलेला असतो. त्याखाली यूएलपीआयएन, म्हणजे भूखंडाचा ११ अंकी ओळख क्रमांक, आणि मग 'भूमापन क्रमांक व उपविभाग' किंवा 'गट क्रमांक व उपविभाग'. स्क्रीनशॉट काढताना वरचा भाग कापला गेला होता. यूएलपीआयएनची ओळ आणि त्याखालचे १२/३ एवढेच दिसत होते. मध्यस्थाने गावाचे नाव फोनवर सांगितले, पण त्या नावाची दोन गावे शेजारीशेजारी आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. दोन्हीकडे सर्वे नंबर १२ आहे आणि दोन्हीकडे त्याला तिसरा हिस्सा आहे. सर्वे नंबर गावापुरताच असतो. गावाशिवाय १२/३ या आकड्याने कुठलीही जमीन सांगता येत नाही. म्हणून भूलेखच्या संकेतस्थळावर दोन्ही गावांचे १२/३ उघडून पाहिले आणि ११ अंक कुठे जुळतात ते बघितले. खुर्दशी जुळले.

१२/३ चा '१२ मार्च' कसा झाला, हे एक्सेल वापरणाऱ्यांनी ओळखलेच असेल. आकडा, तिरकी रेघ आणि पुन्हा आकडा दिसला की तो कार्यक्रम त्याला तारीख समजतो. ४७/२ वाचतो, पण १२/३, ५/२, ७/११ हमखास बळी पडतात. आणि यातला त्रास असा, की एकदा तारीख झाली की रकाना नंतर मजकुराचा केला तरी मूळ आकडा परत येत नाही, तिथे भलताच पाच अंकी आकडा उमटतो. रकाना आधीच मजकुराचा करून ठेवायचा किंवा आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकायचे. फोटोतून मजकूर उचलणारे ॲप वापरले तर दुसराच घोटाळा होतो. तिरकी रेघ एक या अंकासारखी वाचली जाते आणि १२/३ चे १२१३ होते. चार अंकी सर्वे नंबर दिसला की गावात इतके सर्वे नंबर आहेत का, हे आधी पाहावे. कोकणात हिश्शांचे पोटहिस्सेही असतात, १२/३/अ, १२/३/१ असे. त्यामुळे शेवटच्या अंकानंतर काही कापले गेले नाही ना, हे मूळ फोटो मोठा करून बघावेच लागते.

आता क्षेत्र. सातबाऱ्याच्या डाव्या बाजूला 'क्षेत्र, एकक व आकारणी' असा उभा रकाना असतो. त्यात वर लिहिलेले असते की एकक हे.आर.चौ.मी. आहे. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौ.मी. म्हणजे तीन भाग, दोन ठिपके. आपल्या उताऱ्यावर असे होते: भातजमीन म्हणजे तरी ०.५२.३०, हलकी वरकस ०.११.२०, एकूण लागवडयोग्य ०.६३.५०. त्याखाली पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारी जागा, वर्ग अ ०.०४.१० आणि वर्ग ब ०.०१.९०, मिळून ०.०६.००. सगळ्यात खाली एकूण क्षेत्र ०.६९.५०. आर आणि चौरस मीटर हे दोन्ही भाग दोन-दोन अंकांत लिहिलेले असतील, तर ठिपके पुसून टाकले की चौरस मीटरच उरतात: ०६९५०, म्हणजे ६,९५०. गुणाकाराची गरज पडत नाही. पण ही युक्ती त्या दोन अंकांवरच उभी आहे, आणि आपल्या प्रकरणात घात तिथेच झाला.

उताऱ्यावरच्या तीन खात्यांपैकी मधल्याचे क्षेत्र ०.३०.०५ होते. व्हॉट्सॲपने दाबलेल्या फोटोत शेवटून दुसरे शून्य पुसट झाले होते. नव्या मुलाने ०.३०.५ असे वाचले, ते त्याला '०.३०५ हेक्टर' वाटले आणि त्याने ३,०५० चौ.मी. लिहिले. खरे ३,००५. फरक ४५ चौ.मी.चा. बेरीज ६,९५० ऐवजी ६,९९५ आली, आणि हे दोन आकडे इतके सारखे दिसतात की समोरासमोर ठेवूनही डोळा घसरतो. म्हणून तीन भाग तीन वेगळ्या रकान्यांत टाइप करावेत आणि जोडणी सूत्रावर सोडावी:

```
=A2*10000+B2*100+C2
```

A मध्ये हेक्टर, B मध्ये आर, C मध्ये चौरस मीटर. टाइप करणाऱ्याला 'पाच की पन्नास' हा प्रश्न तिथल्या तिथे पडतो. एकाच रकान्यात ०.३०.५ लिहिणाऱ्याला तो पडत नाही.

याच ठिकाणी विक्रेत्यांकडचा जुना हस्तलिखित उतारा पुढे आला. त्यावर क्षेत्र ०-६९-५ असे होते. कोकणातल्या जुन्या कागदांत हे-आर-प्रति अशी मांडणी भेटते आणि तिथे शेवटचा एक अंक आरचा दशांश असतो: ०-६९-५ म्हणजे साडेएकोणसत्तर आर, ६,९५० चौ.मी. आजच्या सवयीने वाचणारा त्याचे ६,९०५ करील. नुसत्या कागदाकडे बघून याचा निवाडा करू नये. नव्या उताऱ्याशी ताडून पाहावे. इथे नव्यात ०.६९.५० आहे, म्हणजे शंका मिटली. उलट बिनशेती झालेल्या जमिनीच्या नव्या उताऱ्यावर एककच आर.चौ.मी. असते, दोनच भाग. तिथे ६९.५० ला हेक्टर समजले तर जमीन शंभर पट होते. एकक कुठले आहे ते उताऱ्यावर छापलेले असते, आणि स्क्रीनशॉटमध्ये नेमकी तीच ओळ कापली जाते, कारण ती रकान्याच्या अगदी वरच्या टोकाला असते.

गुंठ्याचेही एक सांगून टाकतो. गावात आरला सर्रास गुंठा म्हणतात आणि व्यवहार 'साडेएकोणसत्तर गुंठे' म्हणूनच बोलला जात होता. १ गुंठा १०१.१७ चौ.मी.चा. ६९.५ गुंठे खरेच गुंठे असते तर ७,०३१ चौ.मी. झाले असते, म्हणजे ८१ चौ.मी. जास्त. दर गुंठ्यावर ठरलेला असेल तर पैसे गुंठ्याचे आणि जमीन आरची, असा प्रकार होतो. नोटिशीत चौरस मीटर मागण्याचे हेही एक कारण.

आता तपासणीची मुख्य गोष्ट. सातबाऱ्यावरचा क्षेत्राचा आकडा एकटा नसतो. तोच आकडा वेगवेगळ्या वाटांनी पुन्हा येतो. डाव्या रकान्यात लागवडयोग्य अधिक पोटखराब बरोबर एकूण. मधल्या रकान्यात प्रत्येक खात्यासमोर क्षेत्र, आकार, पो.ख. आणि फेरफार क्रमांक. सगळ्या खात्यांच्या क्षेत्राची बेरीज डावीकडच्या लागवडयोग्य क्षेत्राशी जुळायला हवी, पो.ख.ची बेरीज एकूण पोटखराबशी, आणि आकाराची बेरीज आकारणीशी. आपल्याकडे तीन खाती होती:

| खाते | क्षेत्र | पो.ख. | आकार (रु.) |
|---|---|---|---|
| ११२ | ०.२१.३० | ०.०२.०० | १.९२ |
| २०८ | ०.३०.०५ | ०.०३.०० | २.७१ |
| ३४१ | ०.१२.१५ | ०.०१.०० | १.०९ |
| उताऱ्यावरचे एकूण | ०.६३.५० | ०.०६.०० | ५.७२ |

२१.३०, ३०.०५ आणि १२.१५ मिळून ६३.५० आर होतात. २०८ ला ३०.५० धरले तर ६३.९५ होतात, म्हणजे जुळत नाही. चूक कुठल्या खात्यात आहे हे मात्र एवढ्यावरून कळत नाही. तिथे आकार कामाला येतो. सारा लागवडयोग्य क्षेत्रावर बसलेला असतो आणि खात्यांमध्ये तो बहुधा क्षेत्राच्या प्रमाणात वाटलेला असतो. इथे ५.७२ रुपये ६३.५० आरवर, म्हणजे आरला सुमारे ९ पैसे. २.७१ ला त्याने भागले की साधारण ३०.१ आर येतात. ३०.५० आरचा आकार २.७५ झाला असता. पैशांची रक्कम किरकोळ दिसते, पण पुसट अंक वाचायला तिच्यासारखा साक्षीदार नाही. अर्थात एका खात्याकडे सगळी तरी आणि दुसऱ्याकडे सगळी वरकस असेल तर प्रमाण हलते. तेव्हा आकाराने अंदाज घ्यावा, निर्णय बेरजेवर घ्यावा.

बेरीज जुळलीच नाही तर? तर घाईने फोटोला दोष देऊ नये. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना कित्येक ठिकाणी नावनिहाय क्षेत्र आणि एकूण क्षेत्र यांचा मेळ बसला नव्हता, आणि काही उताऱ्यांवर तो अजूनही बसत नाही. मूळ नोंदच बेमेळ असेल तर यादीत दोन्ही आकडे लिहून तलाठ्याकडे विचारणा करायची, आपल्या मनाने कुठलाही आकडा 'दुरुस्त' करायचा नाही. आपल्या १२/३ मध्ये सुदैवाने मूळ नोंद चोख होती.

थोडक्यात, आकडे चुकले तर उताराच ओरडतो. नावांची तशी सोय नाही. नाव गळाले, दुबार आले, मयताचे राहिले, तरी बेरीज जुळतच राहते. त्यामुळे या प्रकरणात खरा वेळ गेला तो खाते २०८ वर.

या खात्यात पाच ओळी होत्या. पहिली ओळ मूळ खातेदाराची. दुसरी मुलाची, तिसरी मुलीची, चौथी आधीच वारलेल्या दुसऱ्या मुलाच्या पत्नीची. पाचवी ओळ तिच्या अज्ञान मुलाची, आणि तिथे मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' म्हणून तिचेच नाव पुन्हा. या पाचांनंतर 'सामाईक क्षेत्र' असे लिहून ०.३०.०५ हा आकडा एकदाच.

पहिले नाव उताऱ्यावर खोडलेले होते. २०२० पासूनच्या नव्या नमुन्यात मयत खातेदारांची नावे, फेडलेले बोजे वगैरे रद्द झालेल्या नोंदी आडवी रेघ मारून दाखवतात. त्याआधीच्या कागदांवर कंस करायचे, आणि 'नावाला कंस झाला' असे आजही बोलतात. कागदावर ही रेघ स्पष्ट दिसते. दाबलेल्या स्क्रीनशॉटमध्ये मात्र ती राखाडी धूसर रेघ उरते. देवनागरीत प्रत्येक शब्दावर शिरोरेखा आधीच असते, वरखाली तक्त्याच्या रेघा असतात, त्या गर्दीत ही तिसरी रेघ डोळ्यांना सहज चुकते. ओळखायची खूण म्हणजे रेघ अक्षरांच्या पोटातून जाते आणि दोन शब्दांमधली मोकळी जागाही ओलांडते. शिरोरेखा शब्द संपला की तुटते. फोटो मोठा करून शब्दांमधल्या मोकळ्या जागा तपासल्या की उलगडा होतो. दुसरी खूण फेरफार क्रमांकाची. खालच्या चौघांसमोर एकच फेरफार क्रमांक होता आणि तो पहिल्या नावासमोरच्या क्रमांकापेक्षा बराच नंतरचा होता. एकाच खात्यात एकाच फेरफाराने चार नावे आत आली, तर बहुतेक वेळा ती वारसनोंद असते आणि वरचे नाव गेलेले असते. खात्री हवी तर तो फेरफार उघडून वाचायचा. इथे वाचला, वारसनोंदच होती.

दुबार नावाचे कारण अगदी साधे होते. पहिला स्क्रीनशॉट तिसऱ्या ओळीवर संपत होता आणि दुसरा तिसऱ्या ओळीपासूनच सुरू होत होता. मुलीचे नाव दोन्हीकडे आले, एकदा स्वच्छ आणि एकदा काठावर अर्धे कापलेले. कापलेल्या फोटोत आडनावाची वेलांटी दिसत नव्हती, म्हणून तो दुसऱ्या बहिणीचा उल्लेख समजला गेला. सरकवत काढलेल्या फोटोंमध्ये ओळी एकमेकांवर येणे चांगलेच, कारण त्यावरून मधली ओळ गळाली नाही याची खात्री होते. पण यादी करण्याआधी तीन फोटो एकाखाली एक जोडून, समान ओळ एकदाच ठेवून, एकच लांब चित्र करावे आणि मग नावे लिहावीत. फोटोगणिक यादी करून शेवटी चिकटवली की हेच होते.

आणि गाळलेले नाव अज्ञान मुलाचे. आईचे नाव चौथ्या ओळीतही आहे आणि पाचव्या ओळीतही, मग ती एकच व्यक्ती, असा विचार करून पाचवी ओळ काढून टाकली होती. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालक कर्ता. पाचव्या ओळीत भोगवटादार मुलगा आहे आणि आई फक्त त्याच्या वतीने उभी आहे. नोटिशीत हा मुलगा राहिला असता तर पुढची गोष्ट फार महागात पडली असती, कारण हिंदू अज्ञानाचा स्थावर हिस्सा नैसर्गिक पालकाने विकायचा तर एरवी न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती न घेता झालेला व्यवहार तो मुलगा सज्ञान झाल्यावर आव्हान देऊन रद्द करून घेऊ शकतो. सामाईक कुटुंबातल्या हिश्शाचे नियम वेगळे पडतात. तो वकिलांचा प्रांत. यादी करणाऱ्याचे काम एवढेच, की वकिलांना 'इथे अज्ञान आहे' हे दिसले पाहिजे. याच्या उलट प्रकार ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे नाव एक छापलेले असते आणि हक्कदार त्यामागे अनेक असू शकतात. ती अक्षरे गाळून नुसते नाव लिहिले तर एकट्याची जमीन वाटते.

पहिल्या यादीत आणखी एक चाल होती, ती मला अनेक याद्यांमध्ये दिसते. सामाईक क्षेत्राला नावांच्या संख्येने भागून प्रत्येकासमोर चौरस मीटर लिहायचे. रकाना रिकामा राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. चार जिवंत नावे धरली तर ३,३०५ भागिले ४, म्हणजे प्रत्येकी ८२६.२५. दिसायला फार नीटनेटके. पण ही जमीन मूळ खातेदाराची स्वकष्टार्जित होती, पत्नी आधीच गेलेली आणि मृत्युपत्र नव्हते असे धरले, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मुलाचा एक तृतीयांश, मुलीचा एक तृतीयांश आणि वारलेल्या मुलाच्या शाखेचा एक तृतीयांश. त्या शाखेत सून आणि नातू निम्मे-निम्मे. म्हणजे सुमारे १,१०२, १,१०२, ५५१ आणि ५५१. जमीन वडिलोपार्जित निघाली तर गणित आणखी वेगळे. सातबारा यातले काहीच सांगत नाही. तो 'सामाईक' म्हणतो आणि गप्प बसतो. यादीनेही तेच करावे: चार नावे, एक क्षेत्र, शेरा 'सामाईक'.

पोटखराबाचे काय करायचे, यावर कार्यालयात जरा वाद झाला. एकाचे म्हणणे असे, की खात्यासमोर जे 'क्षेत्र' लिहिले आहे तेच लिहावे, म्हणजे ११२ ला २,१३०. पण मग बेरीज ६,३५० येते आणि नोटिशीतली जमीन उताऱ्यापेक्षा ६०० चौ.मी. लहान होते. पोटखराब हा त्या सर्वे नंबरचाच भाग आहे, फक्त त्यावर सारा बसवलेला नाही. वर्ग अ म्हणजे खडक, खंदक वगैरे लागवडीला अयोग्य जागा. वर्ग ब म्हणजे रस्ता, पाणवठा अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा. वर्ग ब चे १९० चौ.मी. कागदावर जमिनीत मोडतात, पण तिथे कुंपण घालता येईल असे खरेदीदाराने समजू नये. म्हणून यादीत तीन रकाने केले, लागवडयोग्य, पोटखराब आणि एकूण, आणि वर्ग ब चा आकडा शेऱ्यात वेगळा लिहिला. गोव्याचा एक-चौदाचा उतारा हाताळणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथेही लागवडीखालचे क्षेत्र, पोटखराबाचे दोन वर्ग आणि एकूण, अशीच विभागणी असते आणि क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटरमध्येच असते.

आता उजवीकडचा 'कुळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना. यादीत मालक मागितले की हा रकाना सगळेच सोडून देतात. इथली नावे भोगवटादार नाहीत, त्यामुळे मालकांच्या यादीत ती घालू नयेत हे खरे. पण कापून टाकण्याजोगीही ती नसतात. आपल्या उताऱ्यावर तीन नोंदी होत्या. विकास सोसायटीचा बोजा, त्यावर आडवी रेघ, म्हणजे कर्ज फिटलेले. एका बाईंचे नाव, जुन्या फेरफार क्रमांकासह, 'वारस' असे लिहून. आणि सगळ्यात खाली 'प्रलंबित फेरफार' आणि एक क्रमांक.

त्या बाई खाते ११२ च्या खातेदाराची बहीण निघाल्या. वडील गेल्यावर भावाचे नाव कब्जेदार सदरी आणि बहिणींची नावे इतर हक्कात, अशी पद्धत कितीतरी वर्षे चालली. महाराष्ट्रात अशा नोंदी पोत्याने सापडतात. इतर हक्कात नाव आहे म्हणून हक्क दुय्यम ठरतो असे नाही. वडिलांची वारस म्हणून त्यांचा हिस्सा उभाच असतो. जाहीर नोटीस ज्यांच्यासाठी द्यायची त्यांच्यातल्या त्या पहिल्या. म्हणून यादीला दुसरा छोटा तक्ता जोडला, 'इतर अधिकारातील जिवंत नोंदी', आणि त्यात त्यांचे नाव, फेरफार क्रमांक आणि कोणत्या खात्याशी संबंध, एवढे लिहिले. यादीच्या मथळ्यातही 'मालक' काढून 'भोगवटादार (७/१२ नुसार)' केले. सातबारा हा महसुली अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे त्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, पण मालकी तिने निर्माण होत नाही. 'मालक' लिहून आपण वकिलांच्या वतीने निकाल देऊन बसतो.

प्रलंबित फेरफार हा स्क्रीनशॉटचा सगळ्यात नाजूक भाग. दस्त नोंदला गेला आहे किंवा वर्दी आली आहे, नोटिसा निघाल्या आहेत, हरकतीसाठी १५ दिवस चालू आहेत आणि मंडळ अधिकाऱ्यांनी अजून मंजुरी दिलेली नाही, अशी ती अवस्था. तोवर जुने नाव जसेच्या तसे छापून येते. 'आपली चावडी'वर गाव निवडून तो क्रमांक पाहिला, तर तो खाते ३४१ चा खरेदीचा फेरफार होता. म्हणजे सातबाऱ्यावर ज्यांचे नाव दिसत होते त्यांनी आपला तुकडा आधीच दुसऱ्या कोणाला विकला होता, आणि मध्यस्थ त्यांनाच विक्रेते म्हणून पुढे करत होता. मध्यस्थाला हे माहीत होते की नाही, त्यावर मी काही लिहीत नाही. तिसऱ्या स्क्रीनशॉटचा तळ कापलेला होता आणि 'प्रलंबित फेरफार' हे शब्द काठावर अर्धेच दिसत होते, एवढे नमूद करतो. अर्धी ओळ दिसली की तिची दुसरी अर्धी मागून घ्यायची, हा आमच्याकडचा नियम आहे.

अखेर स्क्रीनशॉट बाजूला ठेवून महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला, त्यावरचा १६ अंकी क्रमांक टाकून त्याची पडताळणी केली, आणि तिन्ही खात्यांचे ८अ, म्हणजे खातेनिहाय उतारे, घेतले. ८अ वर खात्यातली नावे स्वतंत्रपणे येतात. नावांना बेरजेची कसोटी नसते, तेव्हा दोन वेगळ्या नमुन्यांवरची नावे ओळीओळीने ताडणे हीच त्यांची कसोटी. मग कोणी विचारील की थेट तोच उतारा आधी का काढला नाही. गावाचे नाव पक्के झाल्याशिवाय तो काढताच आला नसता, आणि गाव पक्के झाले ते स्क्रीनशॉटवरच्या ११ अंकांमुळे. शिवाय पहिली यादी स्क्रीनशॉटवरून वकिलांकडे पोचलेली होती. तिच्यात काय बदलले आणि का, हे ओळीगणिक सांगणे भाग होते.

वकिलांना दिलेली यादी अशी होती. सर्वे नंबर १२, हिस्सा ३, मौजे अमुक खुर्द, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, भोगवटादार वर्ग १, उताऱ्याचा दिनांक, शेवटचा फेरफार क्रमांक. आणि खाली:

| खाते | भोगवटादार | लागवडयोग्य (चौ.मी.) | पो.ख. (चौ.मी.) | एकूण (चौ.मी.) | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| ११२ | एक नाव | २,१३० | २०० | २,३३० | इतर अधिकारात बहिणीची वारस नोंद |
| २०८ | चार नावे | ३,००५ | ३०० | ३,३०५ | सामाईक, एक अज्ञान, मूळ खातेदार मयत |
| ३४१ | एक नाव | १,२१५ | १०० | १,३१५ | खरेदीचा फेरफार प्रलंबित |
| | सहा | ६,३५० | ६०० | ६,९५० | पो.ख. वर्ग ब १९० धरून |

यादीच्या तळाशी एक ओळ होती की हे अभिलेखातले क्षेत्र आहे, मोजणीचे नाही. बांधावरचे क्षेत्र भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीत आणि त्या मोजणीच्या 'क' प्रतीवरच कळते, आणि कोकणातल्या डोंगरउतारावर दोन्ही आकडे तंतोतंत जुळले तर मलाच नवल वाटेल.

जाहीर नोटीस यादीतल्या सहा जणांच्या आणि त्या बहिणीच्या नावाने निघाली. बहिणीची हरकत मुदतीत आली आणि खाते ११२ चा भाग व्यवहारातून तूर्त बाजूला ठेवला गेला. प्रलंबित फेरफार त्यानंतर मंजूर झाला. नवा उतारा काढला तेव्हा ३४१ च्या जुन्या नावावर आडवी रेघ होती आणि त्याखाली नव्या खाते क्रमांकाने नवरा-बायकोची दोन नावे सामाईक आली होती. यादीत फक्त तेवढी ओळ बदलली. क्षेत्र तेच राहिले, १,३१५.